ह्वांगयेनमधलं एक जेवण : यजमान दारू घेत नसेल तर पेला कसा उचलायचा

चाकणच्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात मी चिनी भाषेचं काम पाहते. पत्रव्यवहार, मीटिंगमधलं दुभाषेपण, आणि साहेब चीनला गेले की त्यांच्यासोबत जाणं. हे प्रकरण झेजियांग प्रांतातल्या थायचौ शहराच्या ह्वांगयेन भागातलं आहे. प्लॅस्टिकच्या वस्तू ओतायला लागणारे साचे तिथे इतक्या संख्येने बनतात की चीनमध्ये ह्वांगयेनला साच्यांचं गाव म्हणूनच ओळखतात. आम्ही तिथल्या एका कारखान्याकडून गाडीच्या आतल्या भागांचे साचे घेत होतो. पहिल्या चाचणीचे नमुने बघायला आमचे संचालक, क्वालिटीचे मॅनेजर आणि मी असे तिघे गेलो होतो. कारखान्याने आम्हाला दोनदा जेवायला नेलं होतं. तिसऱ्या दिवशी परतफेडीचं जेवण आमच्याकडून होतं. पाहुणे सहा, यजमान आम्ही तिघे.

त्या संध्याकाळी पहिल्या अर्ध्या तासात आमच्याकडून दोन चुका झाल्या. त्यातली मोठी चूक माझ्या भाषांतराची होती. जेवण नंतर सावरलं, ते दोन-तीन वाक्यांमुळे. कुठलं वाक्य कधी आणि का चालतं हे मला त्या एका टेबलावर जितकं नीट कळलं तितकं वर्गात कधी कळलं नव्हतं. म्हणून ते सविस्तर लिहिते आहे.

आधी उच्चारांबद्दल थोडं. चिनी शब्द आपण बहुतेक वेळा इंग्रजी लिपीतून वाचतो आणि मग ‘गानबेइ’ म्हणतो. प्रत्यक्षात तो उच्चार ‘कान-पेइ’च्या जवळचा आहे. चिनीत क-ख, त-थ, प-फ असा फरक असतो, ग-द-ब नसतात. हा फरक मराठी जिभेला जन्मजात येतो. इतकंच काय, मोठ्या अधिकाऱ्याच्या आडनावानंतर लावायचा जो ‘त्सोंग’ आहे, त्याचा पहिला ध्वनी म्हणजे ‘चमचा’तला च. म्हणून मी सगळं देवनागरीत ऐकू येतं तसं लिहिलं आहे. स्वरांचे चढउतार मात्र लिपीत येत नाहीत. ते कोणाकडून तरी म्हणून घेऊन फोनवर रेकॉर्ड करावेत आणि तसेच घोकावेत.

जेवणाआधी

दुपारी मी कारखान्याच्या विक्री विभागातल्या मुलीला फोन करून एक प्रश्न विचारला: ‘यौ शन-म ची-खौ मा?’ म्हणजे कोणाला काही वर्ज्य आहे का? ‘ची-खौ’ या शब्दात पथ्य, धर्म, अ‍ॅलर्जी, नावड असं सगळंच येतं, त्यामुळे कारण विचारावं लागत नाही. तिने सांगितलं, एकांना तिखट चालत नाही, बाकी सगळं चालेल. मग तिनेच विचारलं, तुमच्या साहेबांचं काय? साहेब शाकाहारी आणि निर्व्यसनी. ‘छर् सू’ म्हणजे शाकाहारी, हे मी सांगितलं. दारूचं सांगायचं राहिलं, आणि पुढच्या अडचणीचं मूळ तिथेच आहे.

नऊ जणांसाठी आम्ही चार थंड आणि आठ गरम पदार्थ सांगितले. एकूण संख्या सम असावी असा तिथला शिरस्ता आहे. साहेबांचं म्हणणं होतं की आपण यजमान आहोत तर सगळंच शाकाहारी ठेवू. त्यांचा हेतू चांगला होता, पण पाहुण्यांना त्यात हात आखडता घेतल्यासारखं वाटलं असतं. म्हणून पाहुण्यांसाठी अख्खा वाफवलेला मासा, कोळंबी आणि डुकराचं मांस ठेवलं, आणि साहेबांसाठी टोफू, मशरूम, परतलेल्या पालेभाज्या. स्वयंपाकघरात मुद्दाम सांगावं लागलं: ‘पू फांग चू-यौ’, म्हणजे डुकराची चरबी घालू नका. पालेभाजी चमकावी म्हणून ती कित्येक ठिकाणी चरबीवर परततात, आणि ‘शाकाहारी’ एवढंच सांगून ते थांबत नाही.

जेवणाची खोली स्वतंत्र होती, मध्ये फिरत्या काचेचं गोल टेबल. दाराकडे तोंड असलेली खुर्ची यजमानाची. तिच्या उजव्या हाताला मुख्य पाहुणा, डाव्या हाताला दुसरा. आमचे दुसरे यजमान, म्हणजे क्वालिटीचे मॅनेजर, समोर दाराजवळ. पाहुणे आत आले की ‘छिंग शांग-त्स्वो’ म्हणायचं, मानाच्या जागी बसा. ते दोनदा नको म्हणणार, खालच्या खुर्चीकडे सरकणार, मग तिसऱ्यांदा हाताने वाट दाखवली की बसणार. लग्नाच्या पंगतीत वडीलधाऱ्यांना पुढच्या पानावर बसवताना आपल्याकडे जे चालतं, ते अगदी हेच. साहेबांना त्यात काही समजावून सांगावं लागलं नाही.

पहिली दहा मिनिटं

साडेसहाला सगळे बसले. थंड पदार्थ टेबलावर होते, पेले भरलेले होते. साहेब हात जोडून प्रसन्नपणे बसले आणि वाट पाहू लागले. त्यांना वाटलं, पाहुणे सुरुवात करतील, पाहुण्यांच्या आधी यजमानाने कसं घ्यावं? आपल्या घरातली रीतच ती. सहाही पाहुणे चहाचे घोट घेत हवापाण्याच्या गप्पा मारत होते. कोणी चॉपस्टिकला हात लावला नाही. मी माझ्या घड्याळात पाहिलं तर दहा मिनिटं झाली होती.

इथे ओळखायची खूण साधी आहे. पदार्थ समोर आहेत, चॉपस्टिक अजून ठेवणीवर सरळ पडल्या आहेत आणि बोलणं मधूनमधून यजमानाकडे वळतं आहे, म्हणजे यजमानाच्या पहिल्या पेल्याची वाट बघणं सुरू आहे. यजमान पेला उचलत नाही तोवर जेवण सुरू झालेलं नसतं. त्या पहिल्या पेल्यापुरती तीन वाक्यं पुरतात. स्वागताचं: ‘हुआन-यिंग ता-च्या’, सर्वांचं स्वागत. कारणाचं: ‘वेइ वो-मन त हऽ-त्स्वो’, आपल्या सहकार्यासाठी. आणि मग ‘कान-पेइ’. त्यानंतर यजमानाने आपल्या हाताने काच फिरवून पहिला पदार्थ मुख्य पाहुण्यासमोर आणायचा आणि म्हणायचं, ‘पिए खऽ-छी, छन रऽ छर्’. संकोच करू नका, गरम आहे तोवर घ्या.

मी हे साहेबांच्या कानात सांगण्याआधीच कारखान्याचे मुख्य व्यवस्थापक उठले. त्यांनी परिस्थिती सांभाळून घेतली असं मी आज म्हणेन. पाय-च्यौ या कडक चिनी दारूचा छोटा पेला दोन्ही हातांत धरून ते साहेबांकडे वळले आणि म्हणाले, ‘वो चिंग नीन यी पेइ.’

साहेबांनी आपल्या पेल्यावर तळहात ठेवला, हसले आणि इंग्रजीत म्हणाले की मी घेत नाही. मी भाषांतर केलं: ‘था पू हऽ च्यौ.’ ते दारू पीत नाहीत.

व्याकरण बिनचूक होतं. व्यवस्थापक म्हणाले, ‘मेइ शर्, मेइ शर्’, काही हरकत नाही, आणि ओठाला पेला लावून खाली बसले. पेला रिकामा केला नाही. त्यांच्या शेजारचे उपव्यवस्थापक उठायच्या बेतात होते, तेही बसले. पुढची पाच मिनिटं प्रत्येकजण आपल्या शेजाऱ्याशी हळू आवाजात बोलत होता आणि दोघांनी फोन बाहेर काढले.

‘चिंग’ म्हणजे काय

सगळा घोळ या एका शब्दात होता. आपण पेला उचलून जे काही म्हणतो ते सगळ्यांनी मिळून म्हणायचं असतं, एकदा झालं की संपलं. ‘वो चिंग नीन’मध्ये ‘चिंग’ या क्रियापदाचा अर्थ मान देणे असा आहे. एका माणसाने दुसऱ्या माणसाला, उभं राहून, दोन हातांनी, त्याचं नाव घेऊन दिलेला मान. पेल्यात काय आहे हा पुढचा प्रश्न. तो मान घ्यायचा असतो आणि थोड्या वेळाने परत करायचा असतो. त्या परत करण्यालाही वेगळा शब्द आहे, ‘हुइ-चिंग’. पेल्यावर हात ठेवणं म्हणजे कुणी श्रीफळ पुढे करावं आणि आपण हात मागे घ्यावा, तसं झालं. साहेबांना दारू नाकारायची होती, पण त्यांच्याकडून मान नाकारला गेला. आणि मी तो शब्दशः पोचवला.

माझी चूक एका अक्षराची होती. ‘पू हऽ च्यौ’ म्हणजे पीत नाही: हा निर्णय आहे, त्यात दार लावल्यासारखं काहीतरी आहे. ‘पू हुइ हऽ च्यौ’ म्हणजे प्यायला येत नाही, जमत नाही. मराठीत ‘मी घेत नाही’ आणि ‘मला झेपत नाही हो’ यांत जो फरक आहे तोच. दुसऱ्या वाक्यात कमीपणा आपल्याकडे घेतलेला असतो, त्यामुळे समोरच्याला वाईट वाटायला जागा उरत नाही. अर्थाच्या दृष्टीने दोन्हीतून दारू नकोच हे कळतं. मी साहेबांच्या शब्दांशी प्रामाणिक राहिले आणि त्यांच्या मनात जे होतं ते पोचवलं नाही.

नकाराची आणखी काही वाक्यं आहेत आणि ती सगळी सारख्या वजनाची नाहीत. ‘वो च्यौ-ल्यांग पू शिंग’, माझी झेपायची ताकद कमी आहे, हे थोडं घेणाऱ्यासाठी. ‘यी-शंग पू रांग वो हऽ’, डॉक्टरांनी मना केलं आहे, हे चालतं आणि वय झालेल्या माणसाच्या तोंडी तर फारच चालतं. ‘च्यौ-चिंग क्वो-मिन’, दारूची अ‍ॅलर्जी आहे, यावर सहसा कोणी वाद घालत नाही. गाडी चालवायची असेल तर तिथल्या रस्त्यावर लिहिलेलं घोषवाक्यच उत्तर म्हणून म्हणतात: ‘खाय-छऽ पू हऽ च्यौ’. चीनमध्ये 2011 पासून नशेत गाडी चालवणं हा फौजदारी गुन्हा आहे, तेव्हापासून या नकारावर आग्रह होत नाही. पण खोटं कारण सांगू नये असं माझं ठाम मत आहे. अ‍ॅलर्जी सांगितलेला माणूस दुसऱ्या दिवशी हॉटेलात बिअर घेताना दिसला की तो पुढे खरं बोलला तरी उपयोग नसतो. साहेबांना खोटं बोलायची गरजही नव्हती.

आणि एक अट सगळ्याच नकारांना लागू आहे. नकार पहिल्या पेल्याआधी द्यायचा आणि तो रात्रभर पाळायचा. एक पेला घेऊन दुसऱ्याला नको म्हटलं, की पहिल्या पाहुण्याचा मान ठेवला आणि दुसऱ्याचा नाही असा हिशेब मांडला जातो.

सावरणं

मी साहेबांना एवढंच सांगितलं: त्यांनी दारू दिली नाही, मान दिला, तो चहाने परत करू. साहेबांना ते लगेच उमगलं. त्यांनी उलट विचारलं, मग मी आधीच का नाही उठलो?

वेट्रेसला सांगून साहेबांचा पाय-च्यौचा पेला उचलला आणि तसाच दुसरा छोटा पेला मागवून त्यात गरम चहा भरला. पेला दारूचाच हवा, चहाचा कप नको. सगळ्यांच्या हातात एकसारखी वस्तू दिसली की उभं राहण्यात फरक राहत नाही. साहेब खुर्चीतून उठले, दोन पावलं चालून व्यवस्थापकांजवळ गेले, पेला दोन्ही हातांत धरला. मी आधीच सांगितलं होतं त्याप्रमाणे पेले भिडवताना त्यांनी आपल्या पेल्याची कड व्यवस्थापकांच्या पेल्याच्या कडेपेक्षा बोटभर खाली ठेवली. ते पाहून व्यवस्थापकांनी आपला पेला आणखी खाली नेला. साहेबांनी अजून खाली. दोघेही हसले.

साहेबांनी मी शिकवलेलं वाक्य हळूहळू म्हटलं: ‘वो पू हुइ हऽ च्यौ. यी छा ताय च्यौ, चिंग नीन.’ मला प्यायला येत नाही. दारूच्या जागी चहाने आपला मान करतो.

‘यी छा ताय च्यौ’ ही चार अक्षरं तिथे म्हणीसारखी रूढ आहेत. ती ऐकली की समोरच्याला कळतं की या माणसाला रीत माहीत आहे आणि तो ती पाळतो आहे, फक्त पेल्यातलं पेय बदललं आहे. व्यवस्थापकांनी आपला पेला एका दमात रिकामा केला, उलटा करून थेंब पडत नाही हे दाखवलं आणि म्हणाले, ‘वो कान, नीन स्वेइ-यी.’ मी पूर्ण पितो, तुम्ही तुमच्या मर्जीने. मग सगळ्यांच्या पेल्यात पुन्हा ओतलं गेलं आणि साहेबांनी उभं राहूनच राहिलेला पहिला, सगळ्यांचा पेला घेतला. चॉपस्टिक त्या क्षणी उचलल्या गेल्या.

‘नीन स्वेइ-यी’ हे वाक्य यजमानाने तर पाठच करावं. ‘कान-पेइ’चा शब्दशः अर्थ पेला कोरडा करणे असा आहे. आपण उत्साहाने ‘कान-पेइ’ म्हटलं की समोरच्याला आणि आपल्यालाही तळ दाखवावा लागतो. त्याऐवजी पेला उचलून ‘नीन स्वेइ-यी’ म्हटलं की पाहुणा मोकळा होतो.

आमच्या क्वालिटीच्या मॅनेजरना हे सांगायचं राहून गेलं होतं. साहेब घेत नाहीत म्हणून यजमानांच्या बाजूने पेला सांभाळायची जबाबदारी त्यांच्यावर आली. ही पद्धत तिथे मान्य आहे, तिला ‘ताय च्यौ’, दुसऱ्याच्या वतीने पिणं, म्हणतात. पण ते प्रत्येकाला ‘कान-पेइ’ म्हणत राहिले. हिशेब करून पाहा. तीन पेले सगळ्यांसोबतचे. सहा पाहुणे एकेकदा आले ते सहा. त्या सहांची परतफेड आणखी सहा. झाले पंधरा. पेला छोटा, साधारण दहा मिलिलीटरचा, म्हणून कळत नाही; पण दारू बावन्न टक्क्यांची होती. दीडशे मिलिलीटर म्हणजे आपल्याकडच्या व्हिस्कीचे तीन मोठे पेग, आणि तेही दीड तासात, पाणी न मिसळता. बाराव्या पेल्याला त्यांच्या बोलण्यातले शब्द निसटायला लागले. मग मी उरलेल्यांना सांगितलं, ‘यी-स यी-स च्यौ शिंग ल’, नावापुरतं घेतलं तरी झालं. पेला ओठाला लावायचा आणि ठेवायचा. यालाही कोणी हरकत घेतली नाही. हे मी तिसऱ्या पेल्यालाच म्हणायला हवं होतं.

वाढणं आणि नको म्हणणं

जेवण वाढण्याच्या बाबतीत आम्हाला फार शिकावं लागलं नाही. आग्रहाची भाषा दोन्हीकडे एकच आहे, म्हणून हा भाग मी थोडक्यात सांगते.

बारा पदार्थ समोर असताना यजमानाने म्हणायचं, ‘मेइ शन-म त्स्हाय, त्वो छर् त्येन.’ शब्दशः: काही विशेष पदार्थ नाहीत, पण जरा जास्त घ्या. ‘काही खास केलं नाही, साधंच आहे’ हे आपण श्रीखंड-पुरीच्या ताटासमोर म्हणतो, तसंच. पाहुणा त्यावर ‘थाय फंग-षंग ल’, केवढं केलंत हो, असं म्हणतो. यजमान मध्येच उठला किंवा पाहुण्यांआधी थांबला तर ‘नीन मान योंग’ म्हणतो. याचं भाषांतर ‘सावकाश होऊ द्या’ याहून चांगलं होणार नाही.

साहेबांनी आपल्या पद्धतीने व्यवस्थापकांच्या ताटलीत वाढायला सुरुवात केली, तेव्हा मी त्यांच्या हातात वेगळ्या चॉपस्टिक दिल्या. वाढायच्या चॉपस्टिकना ‘कोंग-ख्वाय’ म्हणतात, आणि उष्ट्याचा प्रश्न साहेबांना समजावून सांगायची गरज नव्हती. पाहुणा ‘वो त्सऽ-ची लाय’, माझं मी घेतो, असं म्हणाला तर एकदा तरी वाढावं. दुसऱ्यांदा ‘कौ ल, कौ ल’, पुरे पुरे, आलं तरी ते अर्धं खरं असतं. ‘चन-त छर् पू श्या ल’, खरंच आता जात नाही, हे ऐकलं की हात आवरावा. व्यवस्थापकांनी ताटलीत थोडं ठेवून चॉपस्टिक आडव्या ठेवल्या, तेव्हा साहेबांनी आणखी एक चमचा टोफू घातला आणि त्यांनी तो तसाच राहू दिला. ताटलीत उरलेला तो घास म्हणजे भरल्या पोटाची खूण असते. आपल्या घरात पानात टाकणं वाईट, म्हणून साहेब जरा खट्टू झाले. तिथेही रीत बदलते आहे: 2021 साली अन्नाच्या नासाडीविरुद्ध कायदा झाला आणि आता तरुण मंडळी ताटली स्वच्छ करतात. उरलेलं बांधून देण्यात संकोच नाही. ‘ता-पाओ पा’, बांधून घेऊया, हे यजमानाने स्वतः म्हटलं तर पाहुण्यांना बरं वाटतं.

माशाची एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. वरची बाजू संपल्यावर क्वालिटीच्या मॅनेजरनी मासा उलटायला घेतला. थायचौ समुद्रकाठचं. कोळ्यांच्या मुलखात मासा उलटणं म्हणजे होडी उलटणं. मी त्यांचा हात धरला आणि वेट्रेसने मधला काटा अलगद उचलून बाजूला ठेवला. उपव्यवस्थापकांनी हे पाहिलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

धंद्यातला नकार

कलिंगडाच्या फोडी आल्या तेव्हा व्यवस्थापक साहेबांकडे झुकले. शेवटचे तीस टक्के पैसे साचा चाकणला पोचून चालू झाल्यावर द्यायचे ठरले होते. ते जहाजावर चढवायच्या आधी मिळतील का, असं त्यांनी विचारलं. साहेबांना ते मान्य नव्हतं. ते माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, ‘बघू म्हणावं, विचार करू.’

या वेळी शब्दशः भाषांतरच बरोबर होतं. ‘वो-मन खाओ-ल्यू खाओ-ल्यू.’ आम्ही विचार करतो. व्यवस्थापकांनी एक क्षण थांबून ‘मिंग-पाय’, समजलं, म्हटलं आणि कलिंगडाची ताटली साहेबांकडे फिरवली. विषय संपला. मराठी ‘बघू’ आणि चिनी ‘खाओ-ल्यू’ या दोन्हींत नकार आहे हे दोन्ही माणसांना ठाऊक होतं, आणि दोघांचाही मान राखला गेला. आणखी थोडं स्पष्ट करायचं असतं तर ‘खोंग-फा यौ-त्येन ख्वन-नान’, जरा अडचणीचं होईल, एवढ्यावर थांबता आलं असतं. टेबलावर सरळ ‘पू शिंग’ म्हणू नये, आणि उत्तर टाळायचंच असेल तर ‘चिन-थ्येन पू थान कोंग-त्स्वो’, आज कामाचं बोलायचं नाही, हे यजमानाच्या तोंडी शोभतं.

हीच गोष्ट उलट दिशेनेही ऐकता यायला हवी. दुसऱ्या चाचणीची तारीख विचारल्यावर त्यांच्या इंजिनिअरने सांगितलं, ‘यिंग-काय मेइ वन-थी’, अडचण यायला नको. आमचे मॅनेजर खूश झाले. मी वहीत प्रश्नचिन्ह काढलं. ‘मेइ वन-थी’ आणि ‘यिंग-काय मेइ वन-थी’ यांत आपल्या ‘होईल’ आणि ‘व्हायला हरकत नाही’ इतकं अंतर आहे. सकाळी कारखान्यात आम्ही तारीख लेखी मागितली तेव्हा ती दहा दिवस पुढची आली. रात्री ते खोटं बोलले नव्हते. सगळ्यांसमोर आमचं मन मोडायचं नव्हतं, इतकंच.

उठताना

बिल मी फळं यायच्या आधीच, हात धुवायला म्हणून उठून भरलं होतं. शेवटपर्यंत थांबलं तर पाहुणे काउंटरवर पैसे द्यायला धावतात आणि ओढाओढ होते. बसतानाच ‘चिन-थ्येन वो-मन त्स्वो तोंग’, आज यजमान आम्ही, असं सांगितलेलं असलं तरी. व्यवस्थापक म्हणाले, ‘रांग नीन फो-फेइ ल’, तुम्हाला खर्चात पाडलं. याला धन्यवाद म्हणायचं नसतं. साहेबांनी शिकल्याप्रमाणे ‘यिंग-काय त’ म्हटलं, हे करायलाच हवं होतं.

शेवटचा पेला पुन्हा यजमानाचा, सगळ्यांसोबत. त्या वेळचं वाक्य मी साहेबांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, हे तर आपलंच आहे. ‘चाओ-ताय पू चौ, छिंग त्वो पाओ-हान.’ पाहुणचारात काही उणं राहिलं असेल तर सांभाळून घ्या. जेवण कितीही चांगलं झालं असलं तरी हे म्हणायचंच. त्या दिवशी खरंच उणं राहिलं होतं, म्हणून साहेब ते वाकून म्हणाले.

लिफ्टपाशी व्यवस्थापक म्हणाले, ‘ल्यौ-पू’, आता इथवरच, पुढे येऊ नका. खाली दरवाज्यापाशी पुन्हा तेच. साहेबांनी मला विचारलं, खरंच थांबायचं का? मी म्हटलं, चालत राहा. ते गाडीपर्यंत गेले, ‘मान त्सौ’ म्हणाले, म्हणजे सावकाश जा, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत हात हलवत उभे राहिले.

दुसऱ्या चाचणीला आम्ही पुन्हा गेलो तेव्हा जेवण त्यांच्याकडून होतं. बाटली उघडायच्या आधी व्यवस्थापकांनी वेट्रेसला बोलावलं, साहेबांपुढचा छोटा पेला उचलून तिच्याकडे दिला आणि त्यात चहा भरून आणायला सांगितलं.